वितळवण्याचे वेळापत्रक

लग्नसराईच्या आणि उन्हाळी सुट्ट्यांच्या दिवसांत केटरिंगच्या स्वयंपाकघरांत एक पद्धत सर्रास दिसते. संध्याकाळच्या जेवणासाठी लागणारे गोठलेले चिकन, मासळी किंवा तयार ग्रेव्ही सकाळी डीप फ्रीझरमधून काढून ओट्यावर ठेवली जाते आणि दुपारनंतर ती ‘मऊ झाली’ की कामाला घेतली जाते. शेतापासून गोदामापर्यंत आणि गोदामापासून फ्रीझरपर्यंत उणे १८ अंश सेल्सियस तापमान जपण्यासाठी झालेला सगळा खर्च आणि सगळी काळजी या शेवटच्या आठ-नऊ तासांत वाया जाते. याचे कारण असे की गोठवल्याने जिवाणू मरत नाहीत. त्यांची वाढ तेवढी थांबते आणि ऊब मिळताच ती पुन्हा सुरू होते. साल्मोनेलासारखे रोगकारक जिवाणू महिनोन्महिने गोठलेल्या कोंबडीत जिवंत राहू शकतात, म्हणून वितळवण्याच्या काळात पदार्थाचे तापमान किती होते आणि तेथे ते किती वेळ राहते, हाच सुरक्षिततेचा खरा प्रश्न आहे.

हे समजण्यासाठी पदार्थ कसा वितळतो ते पाहावे लागते. एक किलो चिकन उणे १८ अंशांपासून शून्याच्या जवळ आणण्यास जेवढी उष्णता लागते, तिच्या अंदाजे सात-आठ पट उष्णता त्यातील बर्फाचे पाणी होण्यासाठी लागते. तापमान न वाढवता केवळ अवस्था बदलण्यात खर्च होणाऱ्या या उष्णतेस सुप्त उष्णता म्हणतात. त्यात भर अशी की बर्फातून उष्णता पाण्याच्या सुमारे चौपट सहजतेने वाहते. त्यामुळे बाहेरचा थर वितळला की तोच आतल्या बर्फावर गोधडीसारखा बसतो आणि उष्णतेला मध्यापर्यंत पोहोचण्यास अधिकाधिक वेळ लागतो. परिणामी मध्यभाग तासन् तास उणे एक-दोन अंशांवर अडून राहतो आणि तेवढ्या वेळात पृष्ठभाग, कडा व पातळ भाग यांचे तापमान वाढत जाते. जिवाणूंची संख्या मुख्यतः पृष्ठभागावरच असते आणि वितळताना सुटणारे पोषक द्रव्यांनी भरलेले पाणीही तेथेच साचते. म्हणून बोटाने दाबून ‘आत अजून बर्फ आहे’ अशी खात्री करून घेण्याची जी रीत स्वयंपाकघरांत रूढ आहे, ती पदार्थाच्या सर्वांत सुरक्षित भागाची तपासणी करते आणि सर्वांत धोकादायक भाग तसाच सोडून देते.

मे महिन्यातील एखाद्या स्वयंपाकघराचा हिशेब मांडला तर हे अधिक स्पष्ट होईल. ओट्याभोवतीची हवा ३३ अंशांची आहे आणि चिकनचा दोन किलोचा, चपटा गोठलेला गोळा सकाळी नऊ वाजता बाहेर काढला आहे, असे धरावे. पहिल्या एक-दोन तासांतच त्याच्या कडा ५ अंशांच्या पुढे जातात, म्हणजे ५ ते ६० अंशांच्या ज्या पट्ट्यास अन्नसुरक्षेच्या भाषेत धोक्याचा पट्टा म्हणतात, त्यात शिरतात. दुपारी एक-दोनपर्यंत आतला बर्फ शिल्लक असल्याने पृष्ठभाग बराचसा थंड राहतो, तरी टोकाकडचे पातळ तुकडे त्याच्या पुढे गेलेले असतात. बर्फ संपला की मात्र उष्णता शोषून घेणारे काहीच उरत नाही आणि पुढच्या तास-दीड तासात संपूर्ण पृष्ठभाग २५ ते ३० अंशांकडे सरकतो. या तापमानास जिवाणूंची संख्या अर्ध्या तासात दुप्पट होते असे धरले, तर तीन ते सहा या तीन तासांत ती ६४ पट होते आणि आचारी एक तास उशिरा आला तर २५६ पट. प्रत्यक्ष वेग जिवाणूच्या जातीवर आणि पदार्थावर अवलंबून असल्याने हे आकडे अंदाजाचे आहेत, परंतु त्यांचा रोख पक्का आहे: दिवसभर बाहेर ठेवण्यातील सर्वाधिक धोका बर्फ संपल्यानंतरच्या तासांत असतो आणि नेमक्या त्याच तासांत पदार्थ ‘तयार’ म्हणून निर्धास्तपणे पडून असतो. शिवाय त्याला आंबूस वास किंवा चिकटपणा येईलच असे नाही, कारण वास आणणारे जिवाणू आणि आजार आणणारे जिवाणू बहुधा वेगवेगळे असतात.

यावर अनुभवी आचाऱ्यांचा नेहमीचा आक्षेप असा असतो की पुढे सगळे उकळणारच आहे, मग जिवाणू उरतील कसे. चिकनचा मध्यभाग ७५ अंशांपर्यंत नेला तर साल्मोनेला मरतो हे खरे आहे, पण या आक्षेपातून दोन गोष्टी सुटतात. पहिली अशी की ओट्यावर पाझरलेले पाणी फळी, सुरी, फडके आणि कोशिंबिरीची काकडी यांच्यापर्यंत पोहोचते आणि काकडी कोणी शिजवत नाही. दुसरी अशी की काही जिवाणू मरण्यापूर्वी मागे ठेवून जातात ती विषे उष्णतेला दाद देत नाहीत. हाताळणीतून ग्रेव्हीत किंवा शिजवून गोठवलेल्या पदार्थात आलेला स्टॅफिलोकॉकस ऑरियस उबेत वाढला, तर त्याचे विष उकळल्यानंतरही टिकते. कोकण किनाऱ्यावरील व्यावसायिकांनी तर बांगडा, कुपा आणि तारली यांबाबत विशेष सावध असावे. या मासळीच्या मांसात हिस्टिडीन नावाचे द्रव्य भरपूर असते आणि उबेत वाढणारे जिवाणू त्याचे हिस्टामाइन बनवतात. ते खाल्ल्यावर चेहरा लाल होणे, अंगावर गांधी उठणे आणि डोके ठणकणे अशी लक्षणे दिसतात, जी पुष्कळदा मासळीची ॲलर्जी समजली जातात. तळून, उकळून किंवा पुन्हा गोठवून हिस्टामाइन नाहीसे होत नाही, त्यामुळे ही चूक पुढच्या कोणत्याही टप्प्यावर दुरुस्त करता येत नाही.

सुरक्षित पद्धतींत पहिला मान फ्रीजचा, म्हणजे ५ अंश किंवा त्याहून कमी तापमानाच्या कप्प्याचा आहे, कारण तेथे पृष्ठभाग कितीही वेळ उघडा राहिला तरी धोक्याच्या पट्ट्यात जात नाही. मात्र येथे घाई चालत नाही. दोन ते अडीच किलोंच्या वस्तूला सुमारे २४ तास धरावे लागतात आणि भरगच्च भरलेल्या, दार सतत उघडणाऱ्या फ्रीजमध्ये हा अवधी दीडपटही होतो. वस्तू काठ असलेल्या परातीत किंवा ट्रेमध्ये, शक्यतो जाळीवर ठेवून सर्वांत खालच्या फळीवर ठेवावी, जेणेकरून सुटलेले पाणी तयार पदार्थांवर ठिबकणार नाही. पिशव्या एकावर एक न रचता एका थरात पसराव्यात आणि प्रत्येकीवर बाहेर काढल्याची तारीख व वेळ लिहावी. अशा रीतीने वितळलेले चिकन, खिमा किंवा मासळी त्यानंतर एक-दोन दिवसांत वापरून टाकावी. हवाबंद पाकिटातील मासळी असेल, तर ती फ्रीजमध्ये ठेवण्यापूर्वीच पाकीट उघडावे किंवा त्याला चीर द्यावी. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे काही प्रकार हवा नसताना सुमारे साडेतीन अंशांनाही वाढू शकतात आणि त्यांचे विष प्राणघातक असते.

दुसरी पद्धत थंड पाण्याची आहे. पाणी हवेपेक्षा कितीतरी वेगाने उष्णता पोहोचवते, म्हणून पाणी न शिरणाऱ्या पिशवीतील अर्धा किलोचा नग तासाभरात आणि दीड-दोन किलोंचा दोन-तीन तासांत वितळतो. परंतु पाश्चात्त्य पुस्तकांतून उचललेली ‘नळाखाली धरा’ ही सूचना महाराष्ट्रात जशीच्या तशी लागू होत नाही. अमेरिकेच्या अन्नसंहितेत अशा वाहत्या पाण्याचे तापमान २१ अंश किंवा त्याहून कमी असावे, अशी अट आहे. गच्चीवरील टाकीतून येणारे पाणी मे महिन्यात सहज ३० अंशांच्या पुढे असते आणि किनारपट्टीवर ते वर्षातील बहुतेक दिवस २१ अंशांखाली येत नाही. त्यामुळे येथे योग्य मार्ग म्हणजे मोठ्या पातेल्यात बर्फ घालून पाणी गार करणे, पिशवी त्यात पूर्ण बुडेल असे वजन ठेवणे, दर अर्ध्या तासाने पाणी बदलून किंवा बर्फ घालून तापमान थर्मामीटरने पाहणे आणि वस्तू वितळताच ती शिजवायला घेणे. पातेले भरून ठेवून कोणी दुसऱ्या कामाला गेले, तर कोमट पाण्याचे ते पातेले ओट्याहूनही वाईट ठरते.

मायक्रोवेव्हने वितळवणे छोट्या प्रमाणात ठीक आहे, पण त्यात काही भाग कोमट होतात किंवा शिजू लागतात, म्हणून वस्तू बाहेर येताच शिजवली गेली पाहिजे. वेळ अजिबात नसेल, तर गोठलेला पदार्थ न वितळवता सरळ शिजवणे ओट्यापेक्षा अधिक सुरक्षित असते. त्यास सुमारे दीडपट वेळ धरावा आणि जाड भागाच्या मध्यात थर्मामीटर खुपसून ७५ अंशांची खात्री करावी. वाटाणे, मका, पातळ कटलेट यांना ही रीत उत्तम जमते, अखंड कोंबडीला मात्र नाही, कारण तिची बाहेरची बाजू करपते आणि आतली कच्ची राहते.

एखादी वस्तू चुकून बाहेर राहिली तर निर्णय घड्याळावर घ्यावा. धोक्याच्या पट्ट्यात दोन तासांहून अधिक काळ आणि हवा ३२ अंशांहून गरम असेल तर एक तासाहून अधिक काळ गेल्यास ती फेकून द्यावी, हा सर्वमान्य दंडक आहे. किती वेळ गेला हे कोणालाच सांगता येत नसेल, तर उत्तर तेच आहे. असा माल पुन्हा गोठवून ठेवल्याने जिवाणू आणि विषे दोन्ही जपून ठेवली जातात.

हा सारा प्रश्न नियोजनाचा आहे. ओट्यावर वितळवण्याची सवय आळसातून आलेली नसून आदल्या दिवशी कोणी काय फ्रीझरमधून फ्रीजमध्ये हलवायचे हे ठरलेले नसते, त्यातून ती आलेली आहे. म्हणून प्रत्येक स्वयंपाकघराने रोजच्या सामानाच्या यादीत ‘उद्यासाठी खाली काढणे’ असा एक रकाना उघडावा, त्यात वस्तू, वजन, वेळ आणि जबाबदार व्यक्तीची सही नोंदवावी, आणि वितळवण्यासाठी फ्रीजची एक खालची फळी कायमची राखून ठेवावी. शनिवारच्या जेवणाचे चिकन शुक्रवारी सकाळपर्यंत फ्रीजच्या त्या फळीवर आलेले असावे, एवढी शिस्त मुख्य आचाऱ्याने आजपासून लावावी.