‘आमच्या घरात’ की ‘आपल्या घरात’?

लग्नाच्या मोसमात मोबाईलवर एकाच साच्यातले फोटो येत राहतात. नवरा-नवरी मध्ये, बाजूला दोन्हीकडची माणसं आणि खाली सासूबाईंच्या नावाने दोन-चार ओळी. ‘अल्हम्दुलिल्लाह, हमारे घर में चाँद सी बहू आ गई. घर की रौनक दोबाला हो गई. बहू नहीं, बेटी है.’ त्याखाली शंभर ‘माशाअल्लाह’ येतात आणि विषय संपतो. या ओळी नेमक्या कुणासाठी लिहिल्या, हे मात्र कुणी विचारत नाही.

सोलापुरातल्या माझ्या नात्यातल्या एका आपांनी मला अशाच ओळी मराठीत करून मागितल्या होत्या. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, म्हणून असली कामं माझ्याकडे येतात. त्यांच्या घरी दखनी बोलतात, सगळ्यांची शाळा उर्दू माध्यमाची. सून रत्नागिरी जिल्ह्यातली. तिचं खरं नाव इथे देत नाही, सना म्हणू. सनाच्या घरी कोकणी बोलतात आणि ती शिकली मराठी शाळेत. उर्दू ऐकून तिला बरीचशी कळते, पण लिपी वाचता येत नाही. आपांनी मजकूर उर्दू लिपीत, सुंदर नस्तालिकमध्ये तयार ठेवला होता. सोलापूरच्या सगळ्या नातेवाइकांना तो वाचता आला असता. वाचता आला नसता तो फक्त सनाला.

स्वागत ज्या माणसाचं आहे, त्यालाच वाचता येत नसेल तर ती नातेवाइकांना दिलेली वर्दी झाली, स्वागत नव्हे. म्हणून पहिली गोष्ट ठरली ती लिपीची.

आपांच्या मुलाने मग मराठी मजकूर केला: ‘आमच्या घरी आमच्या सूनबाईंचे शुभागमन झाले आहे.’ व्याकरणात चूक नाही, पण हे तर हॉलच्या दारावरच्या बोर्डासारखं वाटतं. यात सनाचं नाव नाही. तिच्याशी कुणी बोलतही नाही, तिच्याबद्दल इतरांना सांगितलं जातं. आणि एका वाक्यात दोनदा ‘आमच्या’.

मराठीच्या शिक्षिकेला हा शब्द खटकतो, त्याला कारण आहे. उर्दूत ‘हमारा घर’ म्हटलं की त्यात ऐकणारा धरला आहे की नाही, हे शब्दावरून कळत नाही. मराठीत ते लगेच कळतं. ‘आम्ही’ म्हणजे आम्ही, तू सोडून. ‘आपण’ म्हणजे तूसुद्धा. दखनीतला ‘अपन’ याच्याच जवळचा. पण आपली मुलं मराठी लिहायला बसली की डोक्यातल्या ‘हम’चं सरळ ‘आम्ही’ करतात. ‘बाई, आम्ही सहलीला कधी जायचं?’ असं वर्गात कुणी विचारलं की मी म्हणते, ‘तुम्ही जा, मी घरीच थांबते.’ मुलं हसतात आणि फरक लक्षात राहतो.

सुनेला ‘आमच्या घरात ये’ म्हटलं की तेच होतं. घर आमचं, तू त्यात आलेली. ‘आपल्या घरात ये’ म्हटलं की उंबऱ्यावरच अर्धी मालकी दिली. बोलणारीच्या मनात तसं काही नसतं, हे मान्य. पण मराठी शाळेत शिकलेल्या मुलीच्या कानाला हा फरक कळतो. माहेर सोडून शेकडो किलोमीटरवर आलेल्या मुलीचे कान त्या दिवसांत जरा जास्तच तीक्ष्ण असतात.

दुसरा आग्रह होता ‘सून नाही, मुलगीच’ या वाक्याचा. आपांचं मन साफ होतं, तरी मला ते नको होतं. सनाची आई हयात आहे. रुखसतीला रडून तिला जेमतेम दोन दिवस झालेत. तिने हे वाक्य वाचलं तर तिला काय वाटेल? शिवाय मुलगी आईशी भांडते, उशिरा उठते, ताट तसंच ठेवून जाते. तेवढी मोकळीक पहिल्या आठवड्यात सुनेला कुणी देत नाही, आणि ती घ्यायला सून धजतही नाही. न पाळता येणारं वचन फोटोखाली कशाला लिहायचं? आपल्याकडे निकाहानंतरही मुलगी शरीअतप्रमाणे आपल्या वडिलांच्याच नावाने ओळखली जाते. हजरत आयेशा (र.) लग्नानंतरही अबू बक्र (र.) यांची कन्या म्हणूनच ओळखल्या गेल्या. नवं नातं जोडायला जुनं पुसावं लागत नाही. सून हा शब्दही काही कमी दर्जाचा नाही, आपणच तो तसा करून ठेवलाय.

‘चाँद सी’ही गाळलं. तो चेहऱ्याला दिलेला शेरा आहे, आणि मग नात्यातल्या बायका चंद्र तपासायला येतात.

शेवटी मजकूर असा झाला:

‘सना, आजपासून हे आपलं घर. तुझे अब्बा, अम्मी, भाऊ-बहिणी इथे पाहुणे नाहीत. आमची दखनी तुला कळायला वेळ लागेल, तुझी कोकणी मला. तांदळाची भाकरी तू मला शिकव, ज्वारीची मी तुला शिकवते. अल्लाह तुम्हा दोघांना खैर आणि बरकत देवो. तुझी सासू.’

यातही एक ‘आमची’ आहे, आणि तो मुद्दाम ठेवला आहे. दखनी अजून सनाची झालेली नाही, ती आपली आहे असं म्हणणं खोटं ठरलं असतं. जे आजच वाटून घेता येतं त्याला ‘आपलं’ म्हणावं, ज्याला वेळ लागणार आहे त्याला तसं मोकळेपणाने सांगावं. भाकरीच्या ओळीत शिकवणं दोन्ही बाजूंनी आहे. बहुतेक घरांत ‘आमच्याकडे असं करतात’ हे एकाच बाजूने शिकवलं जातं. ‘सासू लिहिलं तर लोक हसतील,’ असं आपा म्हणाल्या. म्हटलं, ‘हसू देत, आपा.’

टाकण्याआधी मजकूर आणि फोटो सनाला दाखवला. मजकूर तिला आवडला, पण चेहऱ्याचा फोटो सगळ्यांना दिसावा असं तिला वाटत नव्हतं. म्हणून मेहंदीच्या हातांचा टाकला. हे विचारणं मजकुराइतकंच महत्त्वाचं होतं. तिच्या फोटोवर तिचा हक्क नसेल, तर ‘आपलं घर’ ही ओळ तिथेच खोटी पडते.

कुणी म्हणेल, चार ओळींनी संसार होतो का? नाहीच होत. ओळी गोड आणि स्वयंपाकघर कडू, अशी घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पण लिहिलेलं खरं ठरलं की नाही, हे ओळखायची एक साधी खूण मराठीतच आहे. पहिल्या आठवड्यात सून विचारते, ‘तुमच्याकडे मीठ कुठे ठेवतात?’ ते साहजिक आहे. सहा महिन्यांनी तीच शेजारणीला सांगत असते, ‘आमच्याकडे संध्याकाळी या.’ सुनेच्या तोंडच्या त्या ‘आमच्याकडे’त सासू धरलेली आहे का, तेवढं कान देऊन ऐकावं.