युरिया बांधावरून जात नाही, पाईपातून जातो

गेल्या आठवड्यात दोन-तीन ग्रुपवर एकच बातमी फिरत होती, अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या मुखाशी समुद्राचा मोठा पट्टा मेलाय आणि त्याला शेतकरी जबाबदार. खाली दोन पार्ट्या. एक म्हणतीय, सगळं शेतकऱ्याला बदनाम करायचं कारस्थान. दुसरी म्हणतीय, शेतकरी अडाणी, पोत्यावर पोती ओततो, डोस कमी करा म्हणजे झालं. मला दोन्ही पटत नाहीत. आणि दुसरी जास्त घातक वाटते, कारण ती शहाण्यासारखी दिसते.

आधी तिथं होतं काय ते. मिसिसिपी अमेरिकेच्या मुख्य भूमीच्या जवळजवळ ४० टक्के क्षेत्राचं पाणी गोळा करून मेक्सिकोच्या आखातात टाकते. गोडं पाणी हलकं, ते खाऱ्या पाण्यावर सायीसारखं पसरतं. उन्हाळ्यात वारा कमी, वरचा थर अजून तापतो, आणि वरचं-खालचं पाणी मिसळायचं थांबतं. वरच्या थरात नदीनं आणलेलं नत्र आणि स्फुरद. त्यावर सूक्ष्म शेवाळ भराभर वाढतं, मरतं, काही बारीक जिवांच्या पोटातून विष्ठा होऊन तळाला जातं. तळाशी जिवाणू ते कुजवतात आणि कुजवताना प्राणवायू खातात. वरून नवा प्राणवायू येत नाही, कारण मध्ये साय आहे. लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली प्राणवायू गेला की मासे, कोळंबी पळतात. ज्यांना पळता येत नाही ते किडे, शिंपले तिथंच मरतात. वरून बघाल तर पाणी ठीकच दिसतंय. मेलेला असतो तो तळ.

१९८५ पासून तिथले शास्त्रज्ञ दर जुलैअखेर बोट घेऊन हा पट्टा मोजतात. नॅन्सी राबाले या बाईंनी ते काम उभं केलं. २०१७ साली तो पट्टा सगळ्यात मोठा निघाला, सुमारे २२,७०० चौरस किलोमीटर. आपले सांगली, कोल्हापूर जिल्हे एकत्र केले तरी त्याहून लहान.

आता मुद्द्यावर येतो. लोकांना वाटतं, पाऊस पडला, युरिया वरच्यावर वाहिला, बांध फोडून ओढ्यात गेला. स्फुरदाचं बरंचसं असंच होतं, ते मातीच्या कणाला चिकटून मातीबरोबर जातं. नत्राचं तसं नाही. युरिया जमिनीत आधी अमोनियम होतो, मग जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेटवर ऋण भार, चिकणमातीवरही ऋण भार, म्हणून माती त्याला धरतच नाही. ते पाण्याबरोबर खाली उतरतं. आयोवा राज्यात खाली काय आहे? पाईप. तीन-चार फुटांवर निचऱ्याच्या नळ्या, आधी भाजक्या मातीच्या, आता छिद्रांच्या प्लॅस्टिकच्या. पाणथळ जमीन त्यांनी अशीच कोरडी करून मक्याखाली आणली. या नळ्या नसत्या तर नायट्रेट हळूहळू मातीतून झिरपलं असतं, वाटेत पाणथळीत जिवाणूंनी त्याचा वायू करून हवेत सोडला असता. नळीनं ती वाटच तोडली. शेत ते ओढा थेट.

आणि हे जातं कधी? एप्रिल ते जूनमध्ये सगळ्यात जास्त. तेव्हा मका एकतर पेरायचा असतो, नाहीतर वीतभर असतो. जमीन उघडी, पाऊस चालू, आणि तिथल्या काळ्याभोर जमिनीतला सेंद्रिय पदार्थ ऊब मिळाली की स्वतःच नत्र सोडायला लागतो. ते नत्र उचलायला मूळच नाही. म्हणजे पाईपातून जाणारं सगळं नत्र त्या वर्षीच्या पोत्यातलं नसतं. हे "डोस कमी करा"वाल्यांनी नीट वाचावं. आयोवाच्या २०१३ च्या राज्य आराखड्यात हिशेब आहे: खताची मात्रा शिफारशीवर आणली तर नायट्रेट सरासरी १० टक्क्यांच्या आसपास घटतं. मोकळ्या काळात राय गवताचं आच्छादन पीक घेतलं तर ३१ टक्के. नळीच्या तोंडाशी लाकडाच्या तुकड्यांचा चर केला तर ४३. पाणथळ तयार करून तिच्यातून पाणी सोडलं तर ५२. लक्ष्य आहे ४५ टक्क्यांचं. मग नुसत्या डोसच्या प्रवचनानं कुठं पोचणार?

आता मी एकराचा हिशेब मांडतो, कारण खरा वाद तिथं आहे. समजा नळीतून वर्षाला २५० मिलिमीटर पाणी निघालं आणि त्यात लिटरला १५ मिलिग्रॅम नायट्रेट-नत्र आहे. दोन्ही आकडे तिकडच्या मक्याच्या शेताला शोभणारे. एकराला पाणी झालं सुमारे १,०१० घनमीटर. त्यात नत्र १५ किलो. युरियात मोजलं तर ३३ किलो, म्हणजे आपल्या ४५ किलोच्या पोत्याचा पाऊण भाग. आपल्याकडं पोतं २६६ रुपये ५० पैसे. नुकसान दोनशे रुपयांच्या आत.

हेच १५ किलो समुद्रात काय करतं? शेवाळात एक किलो नत्र बांधलं गेलं की ते शेवाळ पूर्ण कुजायला साधारण २० किलो प्राणवायू लागतो. १५ किलोला ३०० किलो. तळाच्या पाण्यात लिटरला ६ मिलिग्रॅम प्राणवायू असला तर तो २ वर आणायला घनमीटरमागं ४ ग्रॅम काढावा लागतो. म्हणजे ३०० किलोत ७५,००० घनमीटर पाणी गेलं. तळाचा थर ५ मीटरचा धरला तर पावणेचार एकर समुद्र. हे कागदावरचं गणित आहे. वाटेत नदीत काही नत्र उडून जातं, सगळं शेवाळ तळाला जात नाही, उलट काही नत्र समुद्रात परत परत वापरलं जातं. पण प्रमाण लक्षात घ्या. शेतकऱ्याला दोनशे रुपये म्हणजे चहापाण्याचा खर्च, आणि पलीकडं कोळंबीवाल्याचा चार एकर तळ.

म्हणून मी म्हणतो, "तुमचंच खत वाया जातंय, तुमचाच फायदा आहे" हा प्रचार खोटा नसला तरी बिनकामाचा आहे. दोनशे रुपये वाचवायला दोन टनांची जोखीम कोण घेईल? मी नाही घेणार. तुम्हीपण नाही.

अमेरिकेनं हाच प्रचार वीस-पंचवीस वर्षं केला. २००१ साली ठरवलं, २०१५ पर्यंत पट्टा ५,००० चौरस किलोमीटरवर आणायचा. २०१५ आलं, पट्टा तसाच, तारीख ढकलली २०३५ वर. मधल्या काळात डी मॉइन शहराच्या पाणीपुरवठ्याची गंमत बघा. त्यांची नदी रॅकून. २०१२ ला दुष्काळ पडला, मका जळाला, नत्र जमिनीतच राहिलं. त्या उन्हाळ्यात समुद्रातला पट्टाही लहान. सगळे खूश. २०१३ च्या वसंतात पाऊस आला आणि नळ्यांनी दोन वर्षांचं नत्र एकदम बाहेर काढलं. नदीत नायट्रेट-नत्र २४ मिलिग्रॅमपर्यंत चढलं, पिण्याच्या पाण्याची मर्यादा १०. शहर पैसे खर्चून यंत्रानं नायट्रेट काढतं. शेवटी २०१५ मध्ये त्यांनी वरच्या तीन काउंट्यांच्या निचरा मंडळांवर दावा ठोकला: नळीचं तोंड तुमचं, जबाबदारी तुमची. २०१७ मध्ये दावा फेटाळला गेला, कारण कायद्यानं त्या मंडळांवर तसा दावाच चालत नाही. म्हणजे बिल भरतंय शहर, नळी आहे मंडळाची, आणि शिव्या खातोय शेतकरी.

इथं आपला संबंध येतो. कोकण किनाऱ्याला पावसाळाअखेर प्राणवायू कमी होतो, त्यात मुख्य हात खालून वर येणाऱ्या समुद्राच्याच कमी प्राणवायूच्या पाण्याचा आहे, हे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं दाखवलंय. ते खापर भातवाल्यावर फोडू नका. आणि आपली कृष्णा बंगालच्या उपसागराला जाते. कोरड्या वर्षी तिचं पाणी तिथं जेमतेमच पोचतं, वाटेत धरणं एवढी. म्हणजे आपलं नायट्रेट समुद्रापर्यंत जायच्या आधी विहिरीत, ओढ्यात, जलपर्णीत मुरतंय.

पण वाळवा, मिरज, शिरोळ भागात क्षारपड जमीन सुधारायला आपण तेच करतोय जे आयोवानं केलं. छिद्रांचे पाईप, वर फिल्टर, मुख्य वाहिनी, आणि तोंड ओढ्यात. मी निचऱ्याच्या विरोधात नाही, आधीच सांगून ठेवतो. पांढरी पडलेली जमीन परत पिकाला आणायला दुसरा इलाज नाही. विरोध आहे तो अंदाजपत्रकाला. मी पाहिलेल्या अंदाजपत्रकांत पाईप आहे, खोदाई आहे, चेंबर आहे. ओढ्याच्या तोंडाशी काय, यावर एक ओळ नाही.

तोंडाशी करायचं काय ते अवघड नाही. मुख्य वाहिनीच्या शेवटी एक खोल चर, त्यात लाकडाचे जाड तुकडे, दोन्ही बाजूंना पाणी अडवायच्या फळ्या. पाणी काही तास आत थांबतं, जिवाणू लाकडातला कर्ब खातात आणि प्राणवायूऐवजी नायट्रेट वापरून त्याचा वायू करतात. पाचट भरू नका, ते लवकर कुजून बसतं. पाणी फार वेळ कोंडलं तर कुजक्या अंड्याचा वास येतो, मग फळी खाली करायची. जोराच्या पावसात जास्तीचं पाणी बाजूनं जाऊ द्यावंच लागतं, तेवढं नायट्रेट सुटतं. आणि क्षार यानं कमी होत नाहीत. आपल्या खारट पाण्यात हे जिवाणू किती जोमानं काम करतात, ते इथंच एका तोंडावर दोन हंगाम मोजून बघायला पाहिजे. कृषी विद्यापीठातली मंडळी हे पेज वाचतात, त्यांना हे थेट सांगणं आहे.

मोजायचं कसं? नायट्रेटची पट्टी मिळते. खत दिल्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या पाण्याला पाईपाच्या तोंडाशी नमुना घ्या, आणि त्याच दिवशी चराच्या पुढं दुसरा. पट्टीवर नीट वाचा, आकडा नायट्रेटचा आहे की नायट्रेट-नत्राचा. नत्राचा असेल तर ४.४ नं गुणल्यावर नायट्रेट येतं. आपली पिण्याच्या पाण्याची मर्यादा ४५ नायट्रेटची, तिकडची १० नत्राची, दोन्ही जवळपास एकच. ग्रुपवर "माझं फक्त २० आलं" म्हणून फोटो टाकणारे बरेच आहेत, त्यांनी आधी एकक टाकावं.

पुढच्या ग्रामसभेत आमच्या निचरा गटाचा टप्पा दोनचा प्रस्ताव येतोय. माझी मागणी लेखी दिली आहे: प्रत्येक तोंडाला चर, खर्च योजनेतच, शेतकऱ्याच्या हिश्श्यात नाही. तुमच्या गावच्या अंदाजपत्रकात अशी ओळ असेल तर त्या पानाचा फोटो खाली टाका, मला तो सभेत दाखवायचाय.