वीज गेली आणि दार उघडलं

आमच्या इमारतीच्या मुख्य दाराला कार्डाचं कुलूप आहे. परवा दुपारी वीज गेली आणि वीसेक मिनिटांत दार नुसतं ढकललं तरी उघडू लागलं. लगेच आवई उठली, "सगळ्यांची कार्डं पुसली गेली!" तसं नसतं हो. कोणाकोणाला आत सोडायचं ते कार्डांचे नंबर ज्या चिपमध्ये असतात, ती वीज नसतानाही काही विसरत नाही. वीज आल्यावर माझं कार्ड पहिल्याच वेळी चाललं.

दोष बॅटरीचा. चुंबकाचं कुलूप बंद राहण्यासाठी सतत साधारण अर्धा अँपिअर खातं. 7 अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे हिशेबाने 14 तास, प्रत्यक्षात दहा धरा. आमची वीस मिनिटांत संपली, म्हणजे ती केव्हाच म्हातारी झाली होती. (माझ्यासारखी!)

आता काहीजण म्हणतात, वीज गेल्यावर बंदच राहणारं कुलूप बसवू. बसवा, बाहेरून खुशाल बंद राहू दे, किल्ली वॉचमनकडे ठेवा. पण आतून ते साध्या हँडलने, कार्डाशिवाय उघडलंच पाहिजे. आग लागली तर अंधारात पर्समधलं कार्ड कोण शोधत बसेल? मीटिंगमध्ये मी हेच सांगणार आहे. आणि नवी बॅटरी आली की सहा महिन्यांनी मुद्दाम वीज बंद करून, घड्याळ लावून बघायचं, दार किती वेळ धरून राहतं ते.