थेट जायचं की वाट वाकडी करायची?

मे महिना जवळ आला की ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एक विषय हमखास निघतो. कुणाची बहीण लंडनला, कुणाचा दीर रीडिंगला, आणि तिकडून आग्रह सुरू झालेला असतो की पोरांना घेऊन एकदा तरी याच! आग्रह फुकट असतो, तिकिटं नसतात. मग लॅपटॉपवर दोन खिडक्या उघडतात. एकीत मुंबई-लंडन थेट विमान, दुसरीत दुबई किंवा दोहा करत जाणारं. दुसरं स्वस्त. आणि मग घरात जी काही चर्चासत्रं झडतात, त्यापुढे टीव्हीवरचे डिबेट शो झक मारतात.

यंदा हे चर्चासत्र ठाण्याला, माझ्या ताईच्या घरी झालं. ताई, भाऊजी, आठ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. पगार दोन, पण घराचा हप्ता आणि शाळेच्या फिया वजा जाता उरतं ते बेताचंच. भाऊजींचं म्हणणं, ‘पोरं आहेत, थेट जाऊ.’ ताईचं म्हणणं, ‘त्या पैशात तिकडे आठवडाभर फिरून होईल.’ मला बोलावलं ते पंच म्हणून. असली तिकिटं शोधून देण्याचा माझा जुना छंद आहे. फुकट सल्ला आणि वर जेवण.

पहिली गोष्ट, ‘वाट वाकडी’ हा शब्दच जरा फसवा आहे. नकाशा काढून बघा. मुंबई ते लंडन सरळ अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. मुंबई-दुबई आणि दुबई-लंडन मिळून होतात साधारण ७,४५०. म्हणजे आखाताचा थांबा जवळजवळ वाटेवरच पडतो, आपण फार लांबून वळसा घालून जात नाही. उशीर होतो तो आकाशात नाही, जमिनीवर. थेट विमान जाताना दहा तासांच्या आसपास घेतं, येताना वारं पाठीशी असल्यामुळे नऊ. दुबईत तीन तास थांबून गेलात तर जाताना चौदा आणि येताना तेरा. म्हणजे दोन्ही वेळा मिळून आठ तास जास्त. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी गोष्ट, साइटवर मोठ्या अक्षरात दिसतो तो बऱ्याचदा एका माणसाचा भाव असतो. फरक दहा-पंधरा हजारांचा दिसला की भाऊजींसारखी माणसं म्हणतात, ‘जाऊ दे ना, एवढ्यासाठी कशाला!’ पण आपण चौघं आहोत. बऱ्याच पूर्ण सेवेच्या विमान कंपन्या दोन ते अकरा वर्षांच्या मुलांना मोठ्यांच्या भाड्याच्या पाऊणपट वगैरे लावतात, फार सूट नाही. ताईला त्या आठवड्यात सापडलेले भाव असे होते: थेट विमान चौघांचं जाऊन-येऊन २,७३,०००. तीन तासांच्या थांब्याचं २,२०,५००. सव्वा तासाच्या थांब्याचं २,१०,०००. आणि सगळ्यात स्वस्त, रात्रभर दहा तास बसवून ठेवणारं, १,९६,०००.

ताईचं बोट अर्थातच शेवटच्या आकड्यावर. इथे मी पहिल्यांदा हस्तक्षेप केला. रात्री अकरा ते सकाळी नऊ, चार वर्षांचं पोर घेऊन, टर्मिनलच्या खुर्चीत? विमानतळाच्या आतच तासांवर मिळणाऱ्या हॉटेलच्या खोलीची चौकशी केली तर चौघांसाठी पंधरा हजार निघाले. वर रात्रीचं खाणं आणि सकाळचा नाश्ता, विमानतळाच्या भावाने चार-पाच हजार. म्हणजे तीन तासांच्या थांब्यापेक्षा साडेचोवीस हजार वाचले म्हणता म्हणता पाचच हजार उरले, आणि भाऊजींच्या रजेतला जवळजवळ एक अख्खा दिवस गेला. हा फक्त जातानाचा हिशोब. येतानाही असाच लांब थांबा निघाला तर उलटे खिशातून जातील.

मग सव्वा तासवालं? हे वरवर एकदम सॉलिड दिसतं. कंपनी विकते आहे म्हणजे वेळ पुरत असेलच ना! नियमाने पुरतोच. प्रत्येक विमानतळाची एक किमान वेळ ठरलेली असते, त्यापेक्षा कमी अंतराची जोडी कंपनी एका तिकिटावर विकत नाही. पण ही किमान वेळ धडधाकट माणसाच्या चालीची. कागदावरच्या पंचाहत्तर मिनिटांमधून वजाबाकी करा. गेट सुटायच्या वीसेक मिनिटं आधी बंद होतं. उरली पंचावन्न. विमान थांबून दार उघडून मागच्या रांगेतून चौघं बाहेर पडेपर्यंत पंधरा. उरली चाळीस. विमान थेट इमारतीला न लागता लांब उभं राहिलं तर बस. मग पुन्हा एकदा सिक्युरिटी, हो, थांब्यावरही बॅगा तपासतात आणि पाण्याच्या बाटल्या काढून घेतात. त्यात पोराला नेमकी तेव्हाच शू लागते. मुंबईहून विमान अर्धा तास उशिरा सुटलं, की खेळ खल्लास.

आता विमान चुकलं तर काय? सगळं एका तिकिटावर असेल तर पुढच्या विमानात बसवणं ही कंपनीची जबाबदारी. एकट्या माणसाला कुठेतरी एक सीट मिळून जाते. पण मे महिन्याच्या गर्दीत चार सीट्स? तेही लेकरांना वेगळं न पाडता? तिथेच कुटुंबं अडकतात. म्हणून तिकीट घेण्याआधी एक गोष्ट बघायची: आपलं विमान चुकलं तर त्याच दिवशी, त्याच कंपनीचं, त्याच शहराला जाणारं आणखी किती विमानं आहेत. दुबई-दोह्याहून लंडनला दिवसात अनेक विमानं असतात. इंग्लंडमधल्या छोट्या शहराला जाणारं एकच असेल, तर मग सुटलेलं विमान म्हणजे दुसरा दिवस.

माझ्या हिशोबात लेकुरवाळ्यांसाठी अडीच ते चार तासांचा थांबा हा खरा थांबा. पोरं पाय मोकळे करतात, आपण चहा घेतो, आणि बोर्ड बघून धावावं लागत नाही. उरलेलं सगळं एकतर जुगार किंवा शिक्षा.

एक प्रकार मात्र ताईला मी बघूही दिला नाही. शोधायच्या साइटवर कधी कधी आणखी वीस-पंचवीस हजारांनी स्वस्त जोडी दिसते आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ‘सेल्फ ट्रान्सफर’. म्हणजे दोन वेगवेगळी तिकिटं, साइटने नुसती शेजारी मांडलेली. मधल्या शहरात इमिग्रेशनमधून बाहेर पडा, बॅगा उचला, पुन्हा चेक-इन करा. बाहेर पडायचं म्हणजे त्या देशाच्या व्हिसाचा प्रश्न, तोही चौघांसाठी. आणि पहिलं विमान लेट होऊन दुसरं चुकलं, तर दुसरी कंपनी म्हणते, तुम्ही आलाच नाहीत. चार नवीन तिकिटं, त्या दिवसाच्या भावाने. एका तिकिटाची खूण सोपी आहे: मुंबईच्या काउंटरवर बॅगेला लावलेल्या पट्टीवर शेवटचं शहर लंडन लिहिलेलं असायला हवं. पण तिथे कळून उपयोग काय, पैसे भरण्याआधीच विचारून घ्या की सगळा प्रवास एका बुकिंगवर आहे का आणि बॅगा शेवटपर्यंत जातात का.

भाऊजींचा शेवटचा बाण होता, ‘आणि तिकडे काही झालं तर?’ मुद्दा खोटा नाही. १६ एप्रिल २०२४ ला दुबईत असा पाऊस पडला की विमानतळाची तळी झाली आणि हजारो माणसं टर्मिनलमध्ये अडकली. २३ जून २०२५ ला कतारने हवाई हद्द बंद केली आणि दोह्याकडे निघालेली विमानं वाटेतून दुसरीकडे वळली. थांब्याचा प्रवास म्हणजे आणखी एका शहराची हवा आणि आणखी एका देशाचं राजकारण आपल्या प्रवासात आलं. पण थेट विमानंही काही सोवळ्यात उडत नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हद्द बंद केली, तेव्हा त्यांच्या पश्चिमेकडच्या बऱ्याच उड्डाणांना वळसे घालावे लागले.

शेवटी मी भाऊजींना एकच भागाकार करून दाखवला. थेट आणि तीन तासांचा थांबा यांत फरक साडेबावन्न हजार. जास्तीचे तास आठ. म्हणजे तासाला साधारण साडेसहा हजार रुपये वाचतात. ‘भाऊजी, विमानतळावर एक तास पोरं सांभाळायचे साडेसहा हजार तुम्हाला कुणी दिले तर घ्याल का?’ भाऊजी आधी हसले, मग म्हणाले, ‘दोन तासांचे आधी द्या.’

हाच भागाकार दुसऱ्या घरात उलटा निघेल. कडेवर तान्हं बाळ असेल तर दोनदा चढताना आणि दोनदा उतरताना त्याचे कान दुखणार. सोबत व्हीलचेअरवरची आजी असेल तर मधल्या विमानतळावर चाकांची वाट बघण्यातच वेळ जाणार. रजा एकूण आठ दिवसांची असेल तर आठ तासांची किंमत वेगळी. आणि फरक चौघांत मिळून वीस हजारच असेल, तर तासाला अडीच हजार. तेव्हा मी स्वतः थेट विमानात बसेन.

तीन तासांचा थांबा ठरला. जेवणं झाली. निघताना ताईला एक गोष्ट सांगितली, जी पुष्कळांना माहीत नसते. ब्रिटनमधून सुटणाऱ्या विमानांना, कंपनी कुठल्याही देशाची असो, तिथला नुकसानभरपाईचा कायदा लागू होतो. २०१७ मध्ये इंग्लंडच्या अपील कोर्टाने एमिरेट्सविरुद्धच्या एका खटल्यात हेही स्पष्ट केलं, की ब्रिटनहून निघालेलं पहिलं विमान लेट झाल्यामुळे दुबईतलं पुढचं चुकलं, तर उशीर शेवटच्या मुक्कामाचा मोजायचा. म्हणजे परतीला ताईची मंडळी कंपनीच्या चुकीने मुंबईत चार तासांहून जास्त उशिरा पोचली, तर माणशी ५२० पौंड. वादळ-युद्धासारखं कारण असेल तर नाही. मुंबईहून जाताना आखाती कंपनीच्या विमानाला हा कायदा नाही, फक्त येताना. आणि पोचण्याची वेळ म्हणजे चाकं टेकली ती नव्हे, विमानाचं दार उघडलं ती.

ताईने फोनवर गुणाकार केला. ‘दोन हजार ऐंशी पौंड! अहो ऐकलंत का, येताना विमान लेट व्हावं म्हणून सिद्धिविनायकाला नवस बोलू का?’

भाऊजी म्हणाले, ‘आधी व्हिसा मिळू दे.’