बाळाच्या जिभेवरचा टाकणखार

आपल्या घरात महिन्याभराच्या बाळाचे तोंड येते, तेव्हा आपण प्रथम काय शोधतो? कारण नव्हे, दोषी माणूस. बाळंतिणीने काहीबाही खाल्ले, तिचे दूध बाधले, कुणाची तरी दृष्ट लागली. मग घरातले वडीलधारे बोटाला फडके गुंडाळतात, टाकणखाराची लाही मधात कालवतात आणि बाळाच्या जिभेवर रगडतात. पांढरा चट्टा निघतो, खालची लाल कातडी उघडी पडते, कधी रक्त येते. बाळ किंचाळते आणि आपण म्हणतो, औषध लागू पडले. या ‘आपण’मधून पदवीधरांनी स्वतःला वगळू नये, मीही वगळत नाही. हे चालू असताना दारात गप्प उभे राहणारे आपणच असतो.

हे चट्टे कॅन्डिडा नावाच्या बुरशीचे असतात. नुसता दुधाचा थर बहुधा जिभेवरच असतो आणि ओल्या फडक्याने सहज निघतो. बुरशी मात्र गालांच्या आतून, हिरड्यांवर, टाळूवरही कवडीदह्यासारखी चिकटून बसते. टाकणखार हा बोरॉनचा क्षार आहे, तो लहानग्याच्या अंगात साठतो. मध-टाकणखारात बुडवलेली चोखणी दिलेल्या सात बाळांना झटके आल्याची आणि ते मिश्रण थांबवल्यावर झटके थांबल्याची नोंद 1983 मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आली. वर्षाखालील बाळाला नुसता मधही देऊ नये, त्यातून बोट्युलिझमसारखी घातक विषबाधा होऊ शकते. आपण मात्र जन्मल्याबरोबर बाळाला मध चाटवतो आणि त्याला संस्कार म्हणतो.

आणि या बुरशीला थारा देणारी बाटली? छत्रपती संभाजीनगरात वर्षानुवर्षे नळाला काही दिवसांच्या खंडाने पाणी येते, म्हणून पिंपे भरून ठेवतो. त्यातल्याच तांब्याभर पाण्याने बाटली खळबळून पुन्हा दूध भरतो. निपल उलटे करून पाहावे: छिद्राभोवती पिवळट, बुळबुळीत कडे हाताला लागते. पाणीटंचाई आपल्या हातात नाही हे खरे, पण ते कडे आपल्या हातचे आहे. बाटली वापरावीच लागली तर दूध संपताच सगळे भाग सुटे करावेत, साबण आणि ब्रशने घासावेत, पाण्यात पूर्ण बुडवून उकळी फुटल्यावर पाच मिनिटे उकळावेत आणि निथळू द्यावेत. चिरलेले, चिकट निपल टाकून द्यावे. उरलेले दूध पुढच्या वेळेसाठी ठेवू नये. वाटी-चमचा धुणे तर याहून कितीतरी सोपे.

स्वच्छता असूनही, केवळ अंगावर पिणाऱ्या बाळालाही ही बुरशी होते, विशेषतः आईने किंवा बाळाने प्रतिजैविके घेतली असतील तर. आईच्या स्तनाग्रांची आग होते, त्यांना भेगा पडतात. ते ती कुणापाशी बोलत नाही, कारण आपण तिला आधीच दोषी ठरवलेले असते. डॉक्टर बुरशीनाशक थेंब किंवा मलम देतात. उपचार दोघांचे एकाच वेळी व्हावे लागतात, नाहीतर बुरशी एकाकडून दुसऱ्याकडे जात राहते. चट्टे दिसेनासे झाले म्हणून औषध मध्येच सोडू नये. बाळ दूध ओढेनासे झाले, त्याला ताप आला किंवा चट्टे वारंवार उठू लागले, तर त्याच दिवशी दाखवावे. अंगावरचे दूध थांबवण्याचे मात्र कारण नसते. आपण पहिल्याच दिवशी तेच थांबवतो आणि त्या जागी न उकळलेली बाटली देतो.