लिफ्ट बंद पडली, तर आधी तक्रार क्रमांक घ्या
(सर्व सदनिकाधारक, भाडेकरू आणि चौकीदार बांधवांना व्यवस्थापक समितीचे जाहीर आवाहन)

नवतप्यात आपली 'अ' लिफ्ट सोमवारपासून शुक्रवारपर्यंत बंद होती. त्याबद्दल समितीने मेंटेनन्स कंपनीला पत्र पाठवून करारातल्या दंडाच्या कलमानुसार ५,००० रुपये बिलातून वजा करत असल्याचे कळवले आहे. "एवढा त्रास झाला आणि दंड फक्त पाच हजार?" असे अनेकांनी विचारले. त्याचे उत्तर देण्यासाठी आणि यापुढे तुमच्याकडून काय हवे आहे ते सांगण्यासाठी हे आवाहन.

आपल्या करारात दोन मुदती आहेत आणि दोन्ही वेगळ्या आहेत. पहिली मेकॅनिक येण्याची : तक्रार नोंदवल्यापासून दिवसा दोन तास, आणि लिफ्टमध्ये माणूस अडकला असेल तर अर्धा तास. दुसरी लिफ्ट प्रत्यक्ष सुरू होण्याची : चोवीस तास. पहिली चुकली तर प्रत्येक पूर्ण तासाला ५०० रुपये, दुसरी चुकली तर प्रत्येक पूर्ण दिवसाला १,००० रुपये. वर्षाचा एकूण दंड मात्र वार्षिक शुल्काच्या १० टक्क्यांपुढे जात नाही. दोन्ही लिफ्टचे मिळून आपण वर्षाला जीएसटी सोडून ९६,००० रुपये देतो, म्हणजे कमाल दंड ९,६०० रुपये.

पत्रातला मुख्य मजकूर असा :

"सोमवारी सकाळी १०.४० वाजता आपल्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तक्रार क्रमांकाचा एसएमएस सोबत जोडला आहे. आपला मेकॅनिक १२.४० पर्यंत येणे आवश्यक होते. चौकीदाराच्या रजिस्टरप्रमाणे तो दुपारी ४.५५ ला आला. उशिराचे पूर्ण तास चार, दंड रु. २,०००. दुरुस्तीची मुदत मंगळवारी सकाळी १०.४० ला संपली. लिफ्ट शुक्रवारी दुपारी ३ वाजता सुरू झाली. मुदतीनंतरचे पूर्ण दिवस तीन, दंड रु. ३,०००. एकूण रु. ५,००० या तिमाहीच्या बिलातून वजा करून उरलेली रक्कम वेळेत देत आहोत. आक्षेप असल्यास सात दिवसांत लेखी कळवावा."

कंपनीचे बिलच थांबवा, असे काही सदस्यांचे म्हणणे होते. समितीने ते केले नाही. बिल थकले की करार मोडल्याचा ठपका आपल्यावर येतो, आणि तेच कारण दाखवून कंपनी सर्व्हिस बंद करू शकते. म्हणून कलमात बसते तेवढेच कापायचे आणि बाकीचे वेळेवर द्यायचे.

कंपनीने उत्तरात उन्हाकडे बोट दाखवले. पारा ४५ च्या वर गेला, गच्चीवरची मशीन रूम तापली, ड्राइव्ह ट्रिप झाला. ही नैसर्गिक आपत्ती, तेव्हा दंड लागू नाही, असे त्यांचे म्हणणे. यात एक गोष्ट खरी आहे. मोटरचा वेग सांभाळणारा हा ड्राइव्ह साधारण ४० अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेला असतो आणि तापला की स्वतःला बंद करून घेतो. मशीन रूममधला एक्झॉस्ट पंखा चालू ठेवणे करारानुसार आपले काम आहे. तो चालू होता, आणि त्याची रोजची नोंद आपल्याकडे आहे. बिघाड निघाला ड्राइव्हच्या आतल्या छोट्या पंख्यात. धुळीने तो जाम झाला होता. मेकॅनिकने तो बाहेर काढला तेव्हा पात्यांवर बोटभर राखाडी थर होता, आणि त्याचा फोटो आपल्याकडे आहे. मागच्या महिन्याच्या सर्व्हिस स्लिपवर मात्र 'ड्राइव्ह पंखा सफाई' या रकान्यापुढे बरोबरची खूण आहे. नागपुरात मे महिन्यात ऊन तापते हे करारावर सही करताना दोन्ही बाजूंना माहीत होते. त्याला अचानक आलेली आपत्ती म्हणता येत नाही. हे सगळे आपण लेखी कळवले आहे.

आता मुख्य मुद्दा. एप्रिलमध्येही हीच लिफ्ट दोनदा बंद पडली होती, पण त्याचा दंड या पत्रात मागता आला नाही. दोन्ही वेळा ओळखीच्या मेकॅनिकच्या मोबाइलवर थेट फोन गेला. तो भला माणूस, सवड मिळाली तसा येऊन गेला. कंपनीच्या दप्तरी मात्र तक्रारच नाही. करारातले घड्याळ तक्रार क्रमांक मिळाल्यावर सुरू होते. क्रमांक नाही तर उशीर नाही, आणि उशीर नाही तर दंडही नाही.

दुसरी बाब नुकसानीच्या पुराव्याची. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेला दंडाचा आकडा ही वरची मर्यादा असते; वाद झाला तर त्या मर्यादेत वाजवी वाटेल तेवढीच भरपाई मिळते. दंड वाजवी आहे हे दाखवायला झालेला त्रास कागदावर लागतो. सहाव्या मजल्यावरच्या काकूंना त्या आठवड्यात डायलिसिससाठी खुर्चीत बसवून जिन्याने उतरवावे लागले. त्यांच्या घरच्यांनी दोन माणसे मजुरीवर बोलावली आणि पैसे दिल्याच्या पावत्या जपून ठेवल्या. त्या पावत्या आता पत्रासोबत आहेत. कंपनी मानली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते, आणि तिथेही हेच कागद कामी येतील.

म्हणून सर्वांना विनंती :

१. लिफ्ट बंद दिसली की हेल्पलाइनलाच फोन करा. नंबर प्रत्येक मजल्यावर लावला आहे. कोणी आत अडकले असेल तर ते आधी सांगा, कारण तेव्हा मुदत अर्ध्या तासाची असते. मेकॅनिकला फोन करायचा असेल तर क्रमांक मिळाल्यानंतर करा.

२. तक्रार क्रमांक, वेळ आणि आपला फ्लॅट नंबर लगेच चौकीदाराच्या रजिस्टरमध्ये लिहा.

३. चौकीदार बांधवांनी मेकॅनिक आल्याची आणि गेल्याची वेळ लिहून त्याची सही घ्यावी. सर्व्हिस स्लिपवर स्वतः सही करू नये; लिफ्ट सर्व मजल्यांवर थांबवून पाहिल्यानंतर समितीचा सदस्य सही करील.

४. मशीन रूमचा मेन स्विच बंद-चालू करून पाहू नका, आणि अडकलेल्या माणसाला किल्लीने दार उघडून स्वतः काढू नका. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये उभी असेल तर माणूस खालच्या पोकळीत पडू शकतो. त्याच्याशी बोलत राहा, धीर द्या आणि मेकॅनिकची वाट पाहा.

५. सामान चढवताना दाराला वीट किंवा पाट लावू नका. दाराचा बिघाड 'गैरवापर' ठरला तर दुरुस्तीचा खर्च आपल्या अंगावर येतो.

६. लिफ्ट बंद असल्याने खर्च झाला असेल तर पावती आठ दिवसांत समितीकडे द्या.

इतर अपार्टमेंट आणि सोसायट्यांच्या समित्यांनाही सांगणे आहे : आपला करार काढून पाहा. अनेक करारांत मेकॅनिक किती वेळात येईल एवढेच लिहिलेले असते, लिफ्ट केव्हा सुरू होईल ते नसते. अशा करारात मेकॅनिक वेळेवर येऊन "पार्ट मागवला आहे" म्हणून गेला की कंपनी मोकळी होते. नूतनीकरणाच्या वेळी दुरुस्तीची मुदत आणि तिचा दंड वेगळा लिहून घ्या. आपल्या करारातही माणूस अडकल्यास अर्ध्या तासाची मुदत आहे, पण ती चुकल्याचा वेगळा दंड नाही. तो घालण्याचा ठराव समिती येत्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहे, तेव्हा सभेला अवश्य या.

आपली,
व्यवस्थापक समिती, नागपूर