‘नोंद घेतली’ म्हणजे ‘मान्य’ नव्हे

बनशंकरीतील आम्हां मराठी मंडळींच्या एका संस्थेच्या लेखापरीक्षण अहवालाचे मराठी भाषांतर नुकतेच वाचनात आले. मूळ आक्षेप साधा आहे: रोकड स्वीकारणारा आणि रोकडवही लिहिणारा कर्मचारी एकच. भाषांतरकाराने त्याला ‘रोख व्यवहारातील गैरप्रकार’ असे शीर्षक बहाल केले. हा निव्वळ अनर्थ होय. लेखापरीक्षण मानक २६५ नुसार अंतर्गत नियंत्रणातील उणीव म्हणजे हिशेबातील चूक वेळीच रोखण्याची किंवा शोधून दुरुस्त करण्याची सोय नसणे. पैसा गेलाच, असा तिचा अर्थ नाही.

व्यवस्थापनाच्या उत्तरावर मात्र याच लेखणीने साखर पेरली आहे! मुळात ‘नोटेड’ एवढा एकच शब्द. मराठीत त्याचे ‘आक्षेप मान्य, सुधारणा केली आहे’ असे झाले. नोंद घेणे हा स्वीकार नव्हे आणि नकारही नव्हे. ‘करू’, ‘करीत आहोत’ आणि ‘केले’ यांतला फरक म्हणजेच अनुपालन. ‘केले’ लिहिले की कामाची विभागणी करणाऱ्या आदेशाची तारीख दाखवावी लागते. असा आदेश निघालेलाच नाही. इंग्रजी प्रत वाचणाऱ्या लेखापरीक्षकाला ते पुढील वर्षी कळेलच. मराठी प्रत वाचणारे सभासद मात्र प्रश्न मिटला असे समजून बसले आहेत.